खिडकीतला गुणाकार

सकाळी साडेसहाला फोन किणकिणला तेव्हा मी चहाचं आधण ठेवत होतो. न्यू जर्सीत तेव्हा रात्रीचे आठ वाजलेले असतात, म्हणजे भाचीकडे जेवणं उरकून चिरंजीवांचं दप्तर उघडण्याची वेळ. आधी फोटो आला आणि त्यामागोमाग बोलका निरोप : "मामा, हे काय प्रकरण आहे सांग. उत्तर चुकलंय हे मला कळतंय, कारण मी आपल्या पद्धतीनं करून बघितलं. पण कुठे चुकलंय ते शोधायला गेले तर डोळेच फिरले. आणि तो म्हणतो, तुझी पद्धत आमच्या मिस चालवून घेत नाहीत."

फोटोत पट्टी न लावता काढलेल्या पाच चौकटी होत्या. प्रत्येक चौकटीत उभ्याआडव्या रेघा, शिवाय प्रत्येक घरातून एक तिरपी रेघ. वर आकडे, उजवीकडे आकडे, खाली आणि डावीकडेही आकडे. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवल्यामुळे मला एवढं कळलं, की याला जाळीचा गुणाकार म्हणतात. पण भाचीची अडचण खरी होती. ती स्वतः इंजिनीअर आहे, तिला गुणाकार येत नाही असं थोडंच आहे? मुलाचं उत्तर तपासणं आणि मुलाची चूक शोधणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याला आपली कुठलीही रीत चालते. दुसऱ्याला मात्र मुलाचीच रीत समजून घ्यावी लागते.

पहिल्या चौकटीतला गुणाकार होता ४७८ गुणिले ३६. चौकट कशी भरतात ते याच उदाहरणावर पाहू. गुण्य तीन अंकी आणि गुणक दोन अंकी, म्हणून तीन घरं रुंद आणि दोन घरं उंच अशी चौकट आखायची. वरच्या कडेला डावीकडून उजवीकडे ४, ७, ८ लिहायचे. उजव्या कडेला वरून खाली ३ आणि ६ लिहायचे. प्रत्येक घराच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातून खालच्या डाव्या कोपऱ्यात तिरपी रेघ मारायची, म्हणजे घराचे दोन त्रिकोण होतात. आता प्रत्येक घरात त्याच्या वरच्या अंकाचा आणि उजवीकडच्या अंकाचा गुणाकार लिहायचा : दशक वरच्या डाव्या त्रिकोणात, एकक खालच्या उजव्या त्रिकोणात. चार त्रिक बारा, म्हणून पहिल्या घरात रेघेच्या वर १ आणि खाली २. अशी सहाही घरं भरली की चौकट साधारण अशी दिसते :

```
      ४      ७      ८
     १/२    २/१    २/४     ३
     २/४    ४/२    ४/८     ६
```

इथपर्यंत बेरीज नाही आणि हातचाही नाही. नुसते सहा पाढे आहेत, आणि ते कुठल्याही क्रमानं लिहिले तरी चालतात.

यानंतर बेरीज करायची ती तिरप्या पट्ट्यांनी. दोन तिरप्या रेघांच्या मधली जागा ही एक पट्टी. सुरुवात उजव्या खालच्या कोपऱ्यातून. त्या कोपऱ्यात एकटा ८ आहे, म्हणून एकक ८. शेजारच्या पट्टीत वरच्या ओळीतल्या शेवटच्या घराचा ४, त्याच्या खालच्या घरातला वरचा ४ आणि मधल्या खालच्या घराचा २ येतात. बेरीज १०, म्हणजे लिहायचं शून्य आणि हातचा एक. पुढच्या पट्टीत २, १, ४, ४ मिळून ११ होतात, हातचा धरून १२. लिहायचे २, हातचा एक. मग २, २, २ मिळून ६, हातच्यासह ७. शेवटी डाव्या वरच्या कोपऱ्यात एकटा १. हे आकडे चौकटीच्या बाहेर खाली आणि डावीकडे लिहिलेले असतात. ते डाव्या बाजूनं वरून खाली आणि मग खालच्या बाजूनं डावीकडून उजवीकडे वाचायचे : १७२०८.

भाचीनं आपल्या उभ्या मांडणीनं हाच गुणाकार केला होता. ४७८ सक २८६८, त्याखाली शून्य देऊन ४७८ त्रिक १४३४, बेरीज १७२०८. म्हणजे तिचं उत्तर बरोबर होतं. चिरंजीवांनी लिहिलं होतं १६१०८.

ही चूक कुठली ते सांगण्याआधी एक गोष्ट लक्षात आणून देतो, कारण सगळी तपासणी तिच्यावर उभी आहे. उभ्या मांडणीत आणि जाळीत पाढे तेच सहा आहेत. फरक हातच्याचा आहे. आपण ४७८ ला सहानं गुणताना आठ सक अठ्ठेचाळीस म्हणतो, आठ लिहितो आणि चार हातचे मनात धरतो. मग सात सक बेचाळीस आणि चार सेहेचाळीस. कागदावर ६ उमटतो आणि ४२ हा आकडा कुठेच उरत नाही. मुलानं सात सक चव्वेचाळीस धरलं असेल की हातचा चारऐवजी सहा धरला असेल, हे नुसत्या ८ वरून ओळखता येणार नाही. जाळीत प्रत्येक पाढ्याला स्वतःचं घर आहे. सगळे गुणाकार आधी उरकतात आणि हातचे नंतर, फक्त बेरजेत येतात. त्यामुळे पूर्ण झालेली जाळी म्हणजे मुलानं काय काय केलं याचा पंचनामाच असतो. अनोळखी म्हणून पालकांना ती भीतीदायक वाटते, पण तपासणाऱ्याला ती आपल्या रीतीपेक्षा सोपी आहे, हे माझं ठाम मत आहे.

तिरपी पट्टी का, हाही प्रश्न भाचीनं विचारलाच. वरच्या कडेचे ४, ७, ८ हे शतक, दशक, एकक आहेत. उजव्या कडेचे ३ आणि ६ हे दशक आणि एकक. आठाखालचं, तीनच्या ओळीतलं घर म्हणजे ८ गुणिले ३० आहे, म्हणून त्यातला २४ हा खरा २४० आहे. त्यातला ४ दशकांचा. साताखालचं, सहाच्या ओळीतलं घर ७० गुणिले ६, म्हणजे ४२०. त्यातला २ दशकांचा. हे दोन्ही अंक एकाच तिरप्या पट्टीत बसलेले आहेत. एक घर उजवीकडे सरकलं की किंमत दहापटीनं घटते, एक घर वर चढलं की दहापटीनं वाढते. दोन्ही एकदम केलं की किंमत तीच राहते. आपण दुसऱ्या ओळीत शून्य देऊन जे साधतो ते इथे रेघेच्या कलामुळे आपोआप साधतं.

पण इथेच या रीतीची कमजोरी आहे. सगळं आपोआप होत असल्यामुळे मूल कधी ८ गुणिले ३० असा विचारच करत नाही. त्याच्या लेखी ते आठ त्रिक चोवीस असतं, आणि शेवटी आलेलं उत्तर हजारांत हवं की लाखांत, याची त्याला गंधवार्ता नसते. ही गोष्ट दुसऱ्या चौकटीत भोवणार होती.

भाचीला वाटलं होतं की हे अमेरिकन खूळ आहे. तिथे हे शिकवतात हे खरं. शिकागो विद्यापीठाच्या प्रकल्पातून तयार झालेल्या 'एव्हरीडे मॅथेमॅटिक्स' या अभ्यासक्रमामुळे ही जाळी तिथल्या अनेक वर्गांत पोचली. तिथल्या बऱ्याच राज्यांनी स्वीकारलेल्या 'कॉमन कोअर' आराखड्यात उभी मांडणी पक्की होण्याची अपेक्षा पाचवीत असते, चौथीत दोन अंकी गुणाकार वेगवेगळ्या रीतींनी करून पाहायचे असतात. म्हणजे आईची पद्धत चुकीची नाही, तिची पाळी अजून यायची आहे.

पण खूळ अमेरिकन नव्हे. तेराव्या-चौदाव्या शतकांच्या सुमाराला मोरोक्कोच्या इब्न अल-बन्नाच्या लेखनात जाळी आहे. इटलीत ट्रेव्हिसो गावी १४७८ साली छापलेल्या अंकगणिताच्या पुस्तकात आहे. तिथे तिचं नाव 'जेलोसिया', म्हणजे घरातल्या बायका बाहेरून दिसू नयेत म्हणून खिडकीला लावायची जाळी. आणि आपल्याकडे? भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त १३५ गुणिले १२ हा एकच गुणाकार अनेक रीतींनी करून दाखवला : बाराचे आठ आणि चार असे तुकडे करून, तीन आणि चार असे अवयव पाडून, अजूनही काही. त्यांच्या रीतींत जाळी नाही. पण 'लीलावती'वर १५४५ च्या सुमाराला 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिणाऱ्या गणेश दैवज्ञांनी घरं आखून, त्यात तिरप्या रेघा मारून गुणाकार करण्याची रीत सांगितली आहे. 'ग्रहलाघव' लिहिणारे हे गणेश दैवज्ञ कोकणातल्या मुरूडजवळच्या नांदगावचे. भाचीचं माहेर अलिबागचं. तिला मी म्हटलं, "अगं, तुझ्या माहेरच्या वाटेवरचंच आहे हे." ती हसली, पण खरं सांगायचं तर त्यानं तिची अडचण सुटली नव्हती.

तर आता फोटोकडे. कागद हातात असणं आणि फोटो हातात असणं यात मोठा फरक आहे. पहिला फोटो निकामी होता. दिव्याखाली उभं राहून काढल्यामुळे भाचीच्याच फोनची सावली दोन चौकटींवर पडली होती. पेन्सिल फिकट, आणि व्हॉट्सॲप फोटो पाठवताना तो दाबून लहान करतो, त्यामुळे तिरप्या रेघा जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. रेघ दिसली नाही तर १/२ हे बारा आहेत की दोन सुटे अंक आहेत ते कळत नाही. मी तिला सांगितलं, की वही टेबलावर सपाट ठेव, दिवा बाजूला घे, बरोबर वरून फोटो काढ, एका फोटोत एकच चौकट आणि तिच्या चारही बाजूंची मोकळी जागा येऊ दे. आणि तो फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठव, म्हणजे आहे तसा येतो.

चारही बाजूंची जागा मुद्दाम सांगितली. आपण फोटो काढताना चौकट मध्ये धरतो आणि कडा कापून टाकतो. इथे प्रश्न वर आणि उजवीकडे असतो आणि उत्तर डावीकडे आणि खाली असतं. कडा गेल्या की प्रश्नही गेला आणि उत्तरही गेलं. तिसऱ्या चौकटीचं तसंच झालं होतं. वर ६०७ दिसत होतं, पण उजवी कड कापली गेली होती, त्यामुळे गुणक कुठला ते कळेना. पण जाळी बोलकी असते. साताखालच्या दोन घरांत २८ आणि ५६ होते. सात चोक अठ्ठावीस, सात आठे छप्पन्न. म्हणजे उजवीकडे ४ आणि ८ असणार, गुणक ४८. खात्रीसाठी सहाखालची घरं पाहिली, २४ आणि ४८. जुळलं. मधलं शून्याचं कोष्टक मात्र काही सांगत नाही, कारण शून्याला कशानंही गुणा, घरात ०/० च येणार. उत्तर २९१३६ लिहिलेलं होतं आणि ते बरोबर होतं.

हीच युक्ती पुसट अंकांसाठी वापरायची. मुलांचा इंग्रजी 1 ही नुसती एक काडी असते आणि जाळीतली रेघही काडीच. दोन्ही एकमेकींना चिकटल्या की फोटोत वरच्या त्रिकोणातला १ गायब होतो. अशा वेळी फोटो मोठा करून डोळे फोडण्यापेक्षा वर आणि उजवीकडे बघावं. वर ४, उजवीकडे ३, तर तिथे १२ च असायला हवेत. आता प्रश्न एवढाच उरतो, की बेरीज करताना मुलानं तो १ धरला की नाही. त्याचं उत्तर त्या पट्टीच्या टोकाला लिहिलेल्या बेरजेत मिळतं. पण एक सावधगिरी हवी. तिथे काय असायला हवं ते आपल्याला माहीत असतं, म्हणून तेच दिसल्याचा भास होतो. पेपर तपासताना मी स्वतः कैक वेळा असा फसलेलो आहे. तेव्हा खरोखर न दिसणारा अंक बाजूला लिहून ठेवावा आणि मुलाला विचारावा.

नवे फोटो आले तेव्हा पहिल्या चौकटीतले सहाही पाढे स्वच्छ दिसले, आणि सहाही बरोबर होते. म्हणजे चूक बेरजेत. भाचीला म्हटलं, "बरोबर उत्तर आणि त्याचं उत्तर यांची वजाबाकी कर."

१७२०८ उणे १६१०८. अकराशे.

अकराशे म्हणजे एक हजार आणि एक शंभर. म्हणजे शतकाच्या पट्टीत एक कमी पडला आणि हजाराच्या पट्टीत एक कमी पडला. पट्ट्या आठवा : दशकांची बेरीज १० होती, तिचा हातचा शतकात जायला हवा होता. शतकांची ११, तिचा हातचा हजारात. चिरंजीवांनी १० मधला शून्य लिहिला, ११ मधला एक लिहिला, आणि दोन्ही हातचे वाऱ्यावर सोडले. चौकट पुन्हा पाहिली तर बाहेर खरोखर ०, १, ६ असेच अंक होते आणि हातच्याची एकही खूण कुठे नव्हती. वजाबाकीत असे सुटे दहा, शंभर किंवा हजार आले की हातच्याचा संशय घ्यावा. वजाबाकी वेडीवाकडी आली, ३६० किंवा १४०० वगैरे, तर घरं तपासावीत, कारण मग बहुधा एखादा पाढा चुकलेला असतो.

याच चुकीचं एक गमतीदार भावंड आहे. काही मुलं हातचा सोडत नाहीत, उलट आख्खी बेरीज लिहून टाकतात. त्यांच्या जाळीबाहेर १, ६, ११, १०, ८ असे अंक दिसतात आणि ती सरळ वाचतात १६१११०८. सोळा लाखांचं उत्तर पाहून पालकांना वाटतं की पोरानं काहीतरी भयंकर केलं. वास्तविक त्यानं एकच गोष्ट करायची राहिली आहे : प्रत्येक पट्टीला एकच अंक बाहेर ठेवायचा, उरलेला डावीकडच्या पट्टीला द्यायचा.

दुसऱ्या चौकटीतला गुणाकार होता २१३ गुणिले ४२, आणि उत्तर होतं ८०९४६. भाचीनं इथे आधीच एक शहाणपणा केला होता. तिला मी लहानपणी शिकवलेला नवांचा ताळा आठवला. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येक संख्येच्या अंकांची बेरीज करत जायची, एक अंक उरेपर्यंत, आणि नऊ आले तर शून्य धरायचं. २१३ चे सहा, ४२ चे सहा. सहा सक छत्तीस, तीन आणि सहा नऊ, म्हणजे शून्य. उत्तराच्या अंकांची बेरीज, ८ आणि ० आणि ९ आणि ४ आणि ६, सत्तावीस, म्हणजे नऊ, म्हणजे शून्य. ताळा जुळला. म्हणून तिनं बरोबरची खूण करून टाकली होती.

आणि उत्तर साफ चूक होतं. दोनशे तेरा म्हणजे दोनशेच्या आसपास, बेचाळीस म्हणजे चाळीसच्या आसपास, दोनशे चोक आठशे, त्यावर एक शून्य, आठ हजार. उत्तर आठ-नऊ हजारांच्या घरात हवं, ऐंशी हजार कुठून आलं?

चौकट पाहिल्यावर कळलं. डाव्या वरच्या घरात दोन चोक आठ. एकच अंक. नियमानं रेघेच्या वर ० आणि खाली ८ लिहायला हवे होते. चिरंजीवांनी शून्य गाळलं आणि आठ मोठ्या अक्षरात वरच्या त्रिकोणात ठोकून दिला. त्यामुळे जो आठ हजाराच्या पट्टीत जायचा तो दशहजाराच्या पट्टीत गेला. बाकी सगळी बेरीज निर्दोष होती. खरं उत्तर ८९४६.

मग ताळा का फसला? नवांचा ताळा अंकांची बेरीज पाहतो, अंक कुठल्या जागी बसलेत ते पाहत नाही. आठ हजाराच्या जागी असो की दशहजाराच्या, त्याच्या दृष्टीनं तो आठच. जाळीत अंक चुकीच्या त्रिकोणात पडण्याची चूक नेहमी या प्रकारची असते, आणि म्हणून नवांचा ताळा ती कधीही पकडत नाही. उलट पहिल्या चौकटीत बघा. ३६ चे नऊ, म्हणजे शून्य, म्हणून उत्तराचेही शून्य यायला हवेत. १६१०८ चे सोळा, सोळाचे सात. ताळा तिथे लगेच ओरडला असता. तिथे अंदाज मात्र गप्प बसला असता : पाचशे गुणिले छत्तीस अठरा हजार, आणि सोळा हजार एकशे आठ हे उत्तर ऐकायला तसं वाईट नाही. सुटलेला हातचा ताळ्याला सापडतो, घसरलेला अंक अंदाजाला सापडतो. म्हणून दोन्ही करायचे, आणि दोन्हींना मिळून एक मिनिटही लागत नाही.

आणखी एक चूक या मुलाच्या वहीत नव्हती, पण मी ती पाहिलेली आहे आणि तीही ताळ्याच्या हातून निसटते. उजव्या कडेचे अंक खालून वर लिहिणं. ३६ चे ३ खाली आणि ६ वर. घरं बरोबर, बेरीज बरोबर, आणि उत्तर ३०११४, कारण प्रत्यक्षात गुणाकार ६३ शी झाला. छत्तीस आणि त्रेसष्ट यांच्या अंकांची बेरीज तीच, म्हणून ताळा जुळतो. इथेही अंदाजच कामी येतो. पण अशी चौकट दिसली तर लगेच चूक म्हणू नये. आधी तिरप्या रेघा कुठे कलल्या आहेत ते पाहावं. रेघा उलट्या, म्हणजे वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यात असतील, तर गुणक खालून वर लिहिणंच बरोबर असतं, आणि मग दशकही खालच्या डाव्या त्रिकोणात जातात. रेघांचा कल आणि गुणकाची दिशा ही जोडी आहे. एक बदललं आणि दुसरं तसंच ठेवलं की गोंधळ.

भाचीनं विचारलं, "मग आता त्याला सांगू काय?" मी म्हटलं, उत्तर सांगू नकोस. पहिल्या चौकटीत कुठल्याही घराला हात लावू नकोस, कारण ती सगळी बरोबर आहेत आणि ते त्याला आधी सांग. मग दशकाच्या पट्टीवरून बोट फिरवून म्हण, इथली बेरीज मोठ्यानं कर. तो "दहा" म्हणेल. मग विचार, यातला शून्य तू लिहिलास, एक कुठे ठेवलास? दुसऱ्या चौकटीत डाव्या वरच्या घरावर बोट ठेव आणि विचार, यातले दशक किती? "दशक नाहीत" असं तो म्हणेल. नाहीत तर तिथे काय लिहायचं? आणि शेवटी, दोन्ही गुणाकार तुझ्या उभ्या पद्धतीनं बाजूला करून त्याला दाखव, पण त्याची चौकट खोडू नकोस. दोन वाटांनी एकाच गावी पोचलो की त्याचाही विश्वास बसतो. आणि मिसचं काही बिघडत नाही.

फोटोतून एक गोष्ट मला कळली नव्हती, आणि कळणारही नव्हती. हातचा त्यानं विसरून सोडला, की जाळीत हातचा नसतोच असं त्याला वाटत होतं? कागदावर दोन्ही चुका हुबेहूब सारख्या दिसतात. विसरला असेल तर इतर चौकटींत कुठेतरी हातचा दिसायला हवा होता. तिसऱ्या चौकटीत, ६०७ गुणिले ४८ मध्ये, दोन हातचे लागतात आणि ते त्यानं नीट घेतले होते. म्हणजे बहुधा विसरला. पण 'बहुधा'च. म्हणून त्याला विचार, म्हटलं. तिनं विचारलं. तो म्हणाला, पहिला गुणाकार केला तेव्हा टीव्ही चालू होता.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला पुन्हा फोटो आला. नीट वरून काढलेला, कडांसकट. पाच चौकटी. प्रत्येक एकअंकी गुणाकाराच्या आधी शून्य होतं आणि हातचे बारीक अक्षरात पट्टीच्या टोकाला लिहिलेले होते. एक उत्तर चुकलं होतं. आठ साते चोपन्न.